सासरचं आडनाव आणि आपलं काम: मुलाखतीत नावाची गोष्ट कशी सांगावी

प्रश्न: मी नऊ वर्षं एका सहकारी बँकेत रिकन्सिलिएशनचं, म्हणजे वेगवेगळ्या नोंदी एकमेकींशी जुळवून बघण्याचं, काम करते. आता एका कंपनीत डेटा क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत आहे. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मी बायोडाटाच वाचून दाखवते आणि समोरचे कागद चाळत राहतात. एका मैत्रिणीने सुचवलं की नावाच्या गोष्टीपासून सुरुवात कर. माझं आडनाव पोतदार, पण ते सासरचं. लग्नाला सहा वर्षं झाली. सासऱ्यांच्या घराण्याची गोष्ट मी माझी म्हणून कशी सांगू? आणि ते इतिहासाचं व्याख्यान होणार नाही का? आकडे विचाराल तर, मी रुजू झाले तेव्हा महिनाअखेरीला सव्वातीनशेच्या आसपास नोंदी अडकलेल्या असायच्या. गेली दोन वर्षं चाळिसाच्या वर गेलेल्या नाहीत.

उत्तर: आडनाव सासरचं आहे ही तुमची अडचण नाही, सोयच आहे. हे आडनाव तुमचं जन्मापासूनचं असतं तर मी तुम्हाला जरा जपून राहायला सांगितलं असतं. गेली वीसेक वर्षं मी मुलाखतींच्या पॅनेलवर बसते. सुरुवातीला एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होते, आता बाहेरून बोलावतात. या काळात नावाच्या गोष्टी मी भरपूर ऐकल्या. त्यातल्या बऱ्याचशा मला आज आठवत नाहीत. ज्या आठवतात त्यांतल्या काही वाईट कारणासाठी आठवतात.

विसरलेल्या गोष्टींचा साचा एकच होता. "आमचे पूर्वज पेशव्यांच्या दरबारी अमुक होते, त्यावरून आम्ही तमुक. आमच्याकडे अजून सनद आहे." समोरचे मान डोलावतात, "अरे वा" म्हणतात आणि पुढचा प्रश्न बायोडाटाच्या दुसऱ्या ओळीवरून विचारतात. ते "अरे वा" ऐकू आलं की समजायचं, गोष्ट वाया गेली. पूर्वजांनी काय केलं याच्याशी पॅनेलला देणंघेणं नसतं. समोरच्या खुर्चीतला माणूस काय करतो एवढंच त्यांना हवं असतं, आणि गोष्ट तिथे पोचायच्या आतच संपलेली असते.

तुमच्या बाबतीत हा धोका मुळातच कमी आहे, कारण "आमचे पूर्वज" असं तुम्हाला म्हणताच येत नाही. तुम्ही तीन वर्षं बँकेत काम करत होता, मग लग्न झालं, मग हे आडनाव आलं. म्हणजे काम आधीचं आणि नाव नंतरचं. नावामुळे मी अशी घडले असं सांगणारे पुष्कळ असतात आणि ते कुणाला फारसं खरं वाटत नाही. तुम्हाला मात्र सरळ सांगता येतं: "मी हे काम करत होते, आणि मग मला या कामाचंच आडनाव मिळालं." हा योगायोग आहे आणि तुम्ही तो योगायोग म्हणूनच सांगणार आहात. ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि त्यात घराण्याची फुशारकी कुठेच नसते.

आता आडनावाकडे येऊ. तोंडातून शेवटी एकच वाक्य निघणार असलं तरी मागची माहिती पक्की हवी.

पोतदार हे हुद्द्याचं नाव आहे. शब्द फारसी फोतेदारवरून आला. फोता म्हणजे थैली. जुन्या मराठीत पोते म्हणजे खजिना असाही अर्थ होता, आणि त्या खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदाराचं काम स्पष्ट दिलं आहे: सरकारी खजिन्यात भरल्या जाणाऱ्या पैशाची पारख करणारा अधिकारी. गावातल्या सोनारालाही पोतदार म्हणत. (शाळेत पोतदार आडनावाच्या मुलांना "पोतं" म्हणून चिडवतात. चिडवणाऱ्यांना कल्पना नसते, पण ते अर्थाच्या फार लांब नसतात.)

पारख करायची गरज का पडायची, हा यातला सगळ्यात उपयोगी भाग आहे. मराठी मुलुखात एकच एक रुपया चालत नव्हता. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, आणि याशिवाय आणखी कितीतरी. प्रत्येकाचं वजन आणि चांदीचा कस थोडा वेगळा. त्यात वापरून झिजलेली नाणी, कडा कापलेली नाणी, आणि थेट खोटी नाणी. रयतेने शंभर रुपये भरले म्हणजे खजिन्यात शंभर आले असं होत नसे. कोणतं नाणं कुठल्या टांकसाळीचं, ते किती उणं, त्यावर बट्टा किती कापायचा हे कुणीतरी ठरवावं लागे. नाणं दगडावर टाकून आवाज ऐकायचा, तोलायचं, नजरेने बघायचं. "खणखणीत नाणं" हा शब्दप्रयोग तिथलाच. पुढे १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातल्या मुलुखासाठी एकाच वजनाचा रुपया आणला, आणि या कामाची गरज हळूहळू ओसरत गेली.

आता तुमच्या टेबलाकडे बघा. एटीएममधून पैसे बाहेर आले नाहीत पण ग्राहकाच्या खात्यातून वजा झाले, अशी तक्रार येते. एटीएम यंत्राची नोंद एक सांगते, व्यवहार पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेची म्हणजे स्विचची फाइल दुसरं, बँकेच्या कोअर सिस्टिममधली नोंद तिसरंच. एकाच व्यवहाराची तीन नाणी, तीन टांकसाळींची. त्यातलं खरं कोणतं हे तुम्ही ठरवता. तोवर ती रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या खात्यात, पडून राहते. वर वेळेचं बंधन आहेच. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा फसलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, नाहीतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई.

हे साम्य मी ओढूनताणून आणलेलं नाही, म्हणून तुमची गोष्ट चालेल असं मला वाटतं. जोड नावाच्या अर्थातून नाही, क्रियापदातून लागते. "पोतदार म्हणजे खजिन्याचा अधिकारी" हे नाम झालं. त्यातून फक्त मोठेपणा निघतो, आणि कुणीही पोतदार तेच सांगेल. "पोतदार म्हणजे आलेलं प्रत्येक नाणं पारखून घेणारा" यात क्रिया आहे, आणि तुम्ही रोज तीच करता. नावाची गोष्ट बांधताना मी सगळ्यांना आधी क्रियापद शोधायला लावते. ते सापडत नसेल तर नाव कितीही सुंदर असो, गोष्ट सोडून द्या. अर्थ छान पण कामाशी मेळ नाही अशी नावं पुष्कळ असतात. त्यांना जबरदस्तीने कामाला जुंपलं की ते लगेच कळतं.

तुम्ही आज पॅनेलसमोर बसलात तर साधारण काय सांगाल, याचा मला अंदाज आहे, कारण पहिला मसुदा बहुतेकांचा असाच असतो:

"नमस्कार, माझं नाव अमुक पोतदार. पोतदार हा शब्द मूळ फारसी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत पोतदार हे खजिन्यातले महत्त्वाचे अधिकारी असत. ते नाण्यांची तपासणी करत. तसंच मीसुद्धा बँकेत गेली नऊ वर्षं रिकन्सिलिएशन विभागात कार्यरत असून, मला अचूकतेची आवड आहे..."

यात बिघाड "तसंच मीसुद्धा" या दोन शब्दांत आहे. तिथे जोड दिसते, शिवण उसवलेली दिसते. पहिली चार वाक्यं नावाची आणि इतिहासाची, पाचवं बायोडाटाचं, आणि मधे "तसंच". ऐकणाऱ्याच्या डोक्यात खजिना राहतो, तुम्ही राहत नाही. "अचूकतेची आवड" हे शब्द तर प्रत्येक अर्जात असतात. त्यांना कान लागतच नाही.

आता हे बघा:

"मी पोतदार. हे आडनाव मला लग्नानंतर मिळालं. पूर्वी खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं वाजवून, पारखून घेणाऱ्याला पोतदार म्हणायचे, हे मला तेव्हा कळलं आणि हसूच आलं, कारण तोवर तीन वर्षं मी बँकेत तेच करत होते. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, अशा नोंदी माझ्याकडे येतात. एकाच व्यवहाराबद्दल तीन सिस्टिम्स तीन गोष्टी सांगतात, आणि खरी कोणती ते मला ठरवायचं असतं. मी रुजू झाले तेव्हा महिनाअखेरीला अशा सव्वातीनशे नोंदी अडकलेल्या असायच्या. गेली दोन वर्षं त्या चाळिसाच्या वर गेलेल्या नाहीत."

आणि इथे थांबायचं. "म्हणून मला वाटतं की मी या जागेसाठी योग्य आहे" हे जोडू नका.

मोठ्याने वाचून घड्याळ लावा. घाई न करता पाऊण मिनिटाच्या आत बसतं. तुमचा मसुदा मिनिटावर गेला तर समजा की फारसी शब्द किंवा पेशवाई कुठूनतरी परत शिरली आहे. मुलाखत इंग्रजीत होणार असेल तरी गोष्ट आधी मराठीत बोलून बघा. मराठीत आपण जिथे अडखळतो तिथे विचार अजून पक्का नसतो. इंग्रजीत ती अडखळ घोकलेल्या वाक्यांखाली लपते.

इथे काय केलंय ते थोडं उलगडून सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या शब्दांत बदलता येईल. इतिहास एका वाक्यात आटोपला, आणि त्यातही चित्र एकच ठेवलं, नाणं वाजवून बघणारा माणूस. अंकुशी, चांदवडी, बट्टा, १८३५ हे सगळं मुद्दाम बाहेर ठेवलं. ते पातेल्यात असू द्या, कुणी मागितलं तर वाढा. जोडणीचं वाक्य "मला हसूच आलं" हे आहे, कारण ते तुमच्या बाबतीत घडलेलं आहे, उपमा म्हणून चिकटवलेलं नाही. (खरंच हसू आलं असेल तरच म्हणा. नाहीतर जे झालं असेल ते: नवऱ्याने सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, गूगलवर सापडलं. खोटं हसू पॅनेलला लगेच दिसतं.) आणि शेवट दोन आकड्यांवर केला. सव्वातीनशेचे चाळीस कसे झाले, हा प्रश्न कुणालाही पडेल. गोष्टीच्या शेवटी पुढच्या प्रश्नासाठी अशी एक खुंटी ठोकून ठेवायची असते. त्यांनी "कसं केलंत?" विचारलं की मुलाखत तुमच्या अंगणात आली.

म्हणून खरी तयारी त्या दुसऱ्या प्रश्नाची करा. कुठल्या प्रकारच्या नोंदी सगळ्यात जास्त अडकायच्या? तारखांचा घोळ होता, की एकच संदर्भ क्रमांक दोन फायलींत वेगळ्या पद्धतीने लिहिला जायचा? तुम्ही नियम बदलला, की कुठल्या विभागाला रोजची फाइल लवकर पाठवायला लावली? हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. डेटा क्वालिटीच्या जागेसाठी उमेदवार निवडणारा माणूस याच उत्तरावर तुम्हाला जोखणार आहे. त्याच्याकडेही तीन सिस्टिम्समध्ये तीन प्रकारे लिहिलेली ग्राहकांची नावं पडलेली असतील.

गोष्ट जमली का, हे घरी तपासायची माझी एक पद्धत आहे. बँकेत न काम करणाऱ्या कुणालातरी ती एकदा सांगा, नणंदेला, शेजारणीला, कुणालाही. त्यावर चर्चा करू नका. दुसऱ्या दिवशी सहज विचारा, "मी काल काय सांगितलं होतं गं?" "ते नाणी वाजवायचं काहीतरी" एवढंच उत्तर आलं, तर गोष्टीचा पहिला भाग दुसऱ्यावर भारी पडलाय, तो आणखी छाटा. "अगं ते एटीएमचे पैसे तू शोधून देतेस ना" असं उत्तर आलं तर जमलं. पोतदार शब्दाचा अर्थ ती विसरली तरी हरकत नाही. त्याने दार उघडलं, त्याचं काम झालं.

दुसरी तपासणी स्वतःपुरती. गोष्टीतून आडनाव काढून टाका आणि उरलेलं वाचा. एटीएम, तीन सिस्टिम्स, सव्वातीनशे ते चाळीस, हे आडनावाशिवायही उभं राहतं. कुणाचं कोसळत असेल तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काम नाही, नुसतं नाव आहे, आणि ते पॅनेलला कळतंच.

आता बिघडतं कुठे, ते सांगते.

पहिलं म्हणजे चुकीची व्युत्पत्ती. एकदा एका मुलाने, त्याचं आडनाव -नीसने संपणारं होतं, आम्हाला आत्मविश्वासाने सांगितलं की नीस म्हणजे निष्णात. पॅनेलवर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना मोडीची आवड. ते हळूच म्हणाले, "नीस म्हणजे नवीस, फारसी. लिहिणारा. म्हणून चिटणीस, पारसनीस." मुलगा लाल झाला. तसा तो हुशार होता, पण उरलेल्या वीस मिनिटांत सावरलाच नाही. आणि जागा कसली होती? कागदपत्रं तपासायची! न तपासता ऐकीव गोष्ट सांगणारा उमेदवार आम्ही त्या कामासाठी घेत होतो. घरात सांगतात त्या आडनावांच्या गोष्टी पुष्कळदा नंतर रचलेल्या असतात, एखाद्या शब्दाशी नाद जुळला म्हणून. सांगण्याआधी एखाद्या जुन्या कोशात शब्द बघून घ्या. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता इंटरनेटवर शोधता येतात. कोशात सापडला नाही तर "आमच्या घरी असं सांगतात" एवढे शब्द आधी लावा. त्याने गोष्ट कमजोर होत नाही, उलट तुम्ही ऐकीव आणि पक्कं यात फरक करता हे दिसतं. तुमच्या क्षेत्रात तर हेच हवंय.

दुसरं, जात. हे स्पष्टच बोललं पाहिजे. आपल्याकडे आडनाव सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक कप्पा उघडतो, आणि आडनावाची गोष्ट सांगणं म्हणजे तो कप्पा आपल्याच हाताने उघडून देणं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगवेगळी. दलित आडनावांच्या आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी आलं. म्हणून "नावाची गोष्ट सांगा" हा सल्ला मी सरसकट देत नाही. ज्याच्या आडनावावरून त्याला आयुष्यभर विचारणा झाली आहे, त्याला मी म्हणते की पहिल्या नावाचं बघा, गावाचं बघा, नाहीतर थेट कामाच्या प्रसंगाने सुरुवात करा. वतनाचं आडनाव मिरवणं एकाला सोपं जातं, कारण त्याच गावात दुसऱ्याला ते कधी मिळालंच नव्हतं.

तुम्हालाही कदाचित विचारतील, "पोतदार म्हणजे सोनार ना तुम्ही?" प्रश्न अयोग्य आहे, पण येतो, आणि कधीकधी विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. रागवू नका, घरची माहितीही देऊ नका. "हे हुद्द्याचं नाव, वेगवेगळ्या समाजांत सापडतं. मला त्यातलं पारखण्याचं काम तेवढं आवडलं," एवढं म्हणून पुन्हा नोंदींवर या. हे वाक्य आरशासमोर चारपाच वेळा म्हणून ठेवा, म्हणजे ऐनवेळी आवाज चढत नाही.

तिसरं, दुःखाची गोष्ट. माझ्याकडे तयारीला आलेल्या एका स्थापत्य अभियंत्याचं नाव दगडू होतं. बांधकामाच्या गुणवत्ता तपासणीत होता. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू असं ठेवायची रीत होती, म्हणजे कुणाची नजर लागू नये आणि मूल टिकावं. त्याच्याआधी दोन भावंडं गेलेली. पहिल्या मुलाखतीत त्याने ते सगळं सांगितलं. पॅनेल गप्प झालं, एक बाई डोळे पुसायला लागल्या, आणि त्यानंतर त्याला काँक्रीटबद्दल बोलणंच जमेना. कुणी त्याला कठीण प्रश्नही विचारेना. जागा मिळाली नाही. आम्ही मग ती गोष्ट एवढीच ठेवली: "मूल टिकावं म्हणून घरच्यांनी दगडू नाव ठेवलं. आता काँक्रीट टिकेल का ते मी तपासतो. ठोकळे पाण्यात ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. साइटवरचा सगळ्यात नावडता माणूस मीच." भावंडांचा उल्लेख काढला. टिकणं हे क्रियापद दोन्हीकडे राहिलं, आणि शेवटी लोक हसायचे. ज्याला माहीत आहे त्याला दगडू नावामागचं दुःख न सांगताही कळतं.

कुठे ही गोष्ट वापरू नये तेही सांगते. भरती एजन्सीच्या पहिल्या फोनवर नको. ती व्यक्ती यादीतल्या खुणा करत असते, तिला नोटीस पीरियड आणि पगार हवा असतो. बायोडाटात लिहू नका, कागदावर ती पोरकट दिसते. आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलाखतीत आपणहून सुरू करू नका. तिथे नावाचा अर्थ मंडळच विचारू शकतं, तेव्हा दोन वाक्यांत उत्तर तयार असू द्या, बस. एकाच कंपनीत दोनतीन फेऱ्या असतील तर गोष्ट एकदाच. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतला कुणी बसलेला असेल आणि तीच गोष्ट त्याच शब्दांत आली, तर पहिल्या वेळचं कौतुकही पुसलं जातं.

तुमच्यासाठी आणखी एक व्यवहाराची बाब. पदवीच्या कागदांवर माहेरचं आडनाव असणार आणि बँकेच्या कागदांवर कदाचित दोन्ही. पडताळणीच्या वेळी हा फरक निघतोच. तुमच्या गोष्टीत "लग्नानंतर मिळालं" हे आधीच आलेलं असल्यामुळे तो खुलासा वेगळा करावा लागत नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रत, फाइलमध्ये वरच ठेवा.

आणि पॅनेल मराठी नसेल तर? बहुतेक तुम्हाला "मिसेस पोद्दार" म्हणतील. तिथे सुधारणा करायला बिचकू नका, कारण पोद्दार हा याच फोतेदाराचा दुसरा अवतार आहे, बंगाल आणि राजस्थानकडचा. "पोतदार. पण पोद्दारही चालेल, मूळ शब्द एकच, दोघेही नाणी पारखणारे," असं म्हणालात की तुमची गोष्ट त्यांच्याच तोंडून सुरू झालेली असेल. मग पहिलं वाक्य गाळा आणि थेट "मला हे लग्नानंतर कळलं आणि हसूच आलं" इथून पुढे चला.